व्हिलन पैशासाठीच करतोय असं पार्टीने ठरवून टाकलंय. खरा हेतू उलगडायचा कसा?

वेसकर

सोलापुरात आमचा डी अँड डीचा छोटा ग्रुप आहे. रविवारी दुपारी सात रस्त्याजवळ एका मित्राच्या घरी बसतो. डीएम मी, म्हणजे गोष्ट रचून चालवणारा. बाकीचे त्यातली पात्रं खेळतात, त्यांची टोळी म्हणजे पार्टी. कॅम्पेनचं, म्हणजे या लांबलचक गोष्टीचं, शहर आपल्या गावावरूनच रचलंय. तलाव, त्यात देऊळ, शेजारी भुईकोट किल्ला, चारी बाजूंना वेशी आणि पूर्वेला विणकर-रंगाऱ्यांची वस्ती. नाव बदललं होतं, पण पहिल्याच दिवशी सगळ्यांनी ओळखलं.

व्हिलन म्हणजे शहराचा पाणी-कारभारी दौलतराव. रात्री माणसं लावून तो एकेक विहीर बुजवतोय. एका म्हाताऱ्या रंगाऱ्याचा खून झालाय आणि संशय दौलतराववर आहे. विहिरी गेल्यामुळे लोक तलावाच्या पाण्यावर आलेत, आणि त्या पाण्याची पट्टी भरायची ती दौलतरावच्या कचेरीत.

आता खरी गोष्ट. (आमच्या ग्रुपमधलं कुणी वाचत असेल तर इथेच थांबा, शपथ आहे.) रंगाच्या भट्ट्यांमधला हरताळ, म्हणजे ते पिवळं विषारी खनिज, वर्षानुवर्षं जमिनीत मुरून विहिरींत उतरलाय. पूर्वेकडचे लोक हळूहळू मरतायत. दौलतरावला हे कळलंय, म्हणून तो विहिरी बंद करतोय. पण १२ वर्षांपूर्वी ‘पाणी निर्धोक आहे’ असा दाखला सही करून त्यानेच दिला होता आणि त्या दाखल्यावर भट्ट्या चालू राहिल्या. उघड बोलला तर ती सही वर येणार. रंगाऱ्याला दाखल्याचं माहीत होतं, म्हणून त्याला मारलं.

पार्टीचं मत ठाम झालंय की हा पाणी विकून पैसा करतोय. आतापर्यंत दिलेले क्लू त्या मतात व्यवस्थित बसतात. लवकरच ते वाड्यावर चालून जाणार. त्याआधी खरा हेतू त्यांचा त्यांना उमगायला हवा. कुठले क्लू पेरू आणि कुठे?

फासेबहाद्दर

यावर उत्तर आधीच तयार आहे. अशा खेळांवर लिहिणाऱ्या जस्टिन अलेक्झांडरने २००८ मध्ये तीन क्लूंचा नियम मांडलाय. खेळाडूंनी जो निष्कर्ष काढायला हवा, त्यासाठी किमान तीन क्लू ठेवायचे. एक हुकतो, दुसऱ्याकडे दुर्लक्ष होतं, तिसरा लागतो. वाड्यात दौलतरावची रोजनिशी ठेव, कचेरीत त्याचं अर्धवट पत्र ठेव आणि नोकराला साक्ष द्यायला लाव. इन्व्हेस्टिगेशनला डीसी १२ पुरे, म्हणजे फासा आणि तपासाच्या कौशल्याची भर मिळून १२ झाले की क्लू सापडतो.

नाट्यवेडा

वा! प्रयोग कधी आहे? हुतात्मा स्मृती मंदिरात असेल तर आम्ही सहकुटुंब येऊ. एक सुचवतो. खलनायकाची पहिली एंट्री खलनायकासारखी करू नका. आधी त्याला एखादं साधं काम करताना दाखवा, म्हणजे शेवटी प्रेक्षकाला तेच काम आठवतं.

वेसकर

नाट्यवेडा, हे नाटक नाही, टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आहे. पण सूचना कामाची आहे. दौलतराव आतापर्यंत फक्त पालखीत आणि कचेरीतच दिसलाय.

चंद्रभागा

फासेबहाद्दर, तीनचा नियम बरोबर आहे, मीही तो पाळते. पण तो नियम क्लू *सापडावा* यासाठी आहे. वेसकरांची अडचण वेगळी आहे. त्यांचे क्लू सापडलेत आणि चुकीच्या मताला जाऊन चिकटलेत. त्यात रोजनिशी, पत्र आणि साक्ष ही तिन्ही एकच गोष्ट सांगत असतील तर तो एकच क्लू तीनदा दिला. शिवाय रोजनिशीत व्हिलनने स्वतःच हेतू लिहून ठेवला की खेळाडूंना शोधायला काय उरलं? ते फक्त वाचणार.

हेतूचा क्लू निवडताना मी एकच कसोटी लावते. पार्टीचं सध्याचं मत खरं धरलं तर ही गोष्ट सहज पटते का? पटत असेल तर तो हेतूचा क्लू नाही. रात्री विहीर बुजवली हे लोभी माणसाला शोभतं. पाणीपट्टी वाढवली, तेही शोभतं. रंगाऱ्याचा खूनही. म्हणजे तुमच्या पार्टीने चूक केलेली नाही, समोर आलेल्या पुराव्यावरून योग्य तेच मत बनवलंय.

हेतू उघडा पडतो तो व्हिलन स्वतःचं नुकसान करून काही करतो तिथे. म्हणून दौलतरावच्या अशा दोन-तीन गोष्टी शोधा ज्यात त्याला पदरचा खर्च आलाय. सगळ्यात पहिली विहीर त्याने कुठली बुजवली? ती त्याच्या स्वतःच्या वाड्यातली असू द्या. पाण्याचा धंदा करणारा माणूस स्वतःची विहीर का बुजवेल? आणि पट्टी न भरलेल्या गल्लीचं पाणी त्याने कधीच तोडलेलं नाही, हे कचेरीतल्या थकबाकीच्या वहीत दिसू द्या. लोभाच्या मतावर या दोन गोष्टींचा हिशेब लागत नाही.

आणि एक. असे क्लू फाशावर ठेवू नका. गमशू नावाची एक नियमपद्धत तपासाच्या खेळांसाठीच बनवलीय. योग्य जागी योग्य कौशल्याचं पात्र गेलं की मुख्य क्लू मिळतोच, फासा टाकावा लागत नाही. डी अँड डी खेळतानाही हे उचलता येतं. डीसी १२ असला तरी फासा ४ वर पडू शकतो, आणि मग तुमचं सगळं कॅम्पेन त्या ४ वर अडतं.

कडक_भाकरी

थकबाकीची वही वाचणारी पार्टी कुठं असतीय ओ? आमची पार्टी कचेरीत शिरली की आधी तिजोरी फोडतीय.

चंद्रभागा

मग वही तिजोरीत ठेवा!

फासेबहाद्दर

फाशाशिवाय क्लू देणं मला पटत नाही. ज्याने इन्व्हेस्टिगेशनवर पॉइंट खर्च केलेत त्याला त्याचं काय मिळालं? पण ते सोडा, एक मोठी अडचण कुणाच्या लक्षात आलेली नाही. वेसकर, पार्टीत क्लेरिक किंवा ड्रुइड असं मंत्र टाकणारं पात्र आहे का? ‘डिटेक्ट पॉयझन अँड डिसीज’ हा विष आणि रोग ओळखणारा पहिल्या लेव्हलचा स्पेल, म्हणजे मंत्र, आहे. पल्ला ३० फूट. उद्या कुणी विहिरीच्या काठावर बसून तो टाकला की तुझं रहस्य उघडं.

वेसकर

बाप रे. क्लेरिक आहे. अजून तिने तो घेतलेला नाही, पण तिला रोज सकाळी स्पेल बदलता येतात.

रंगमास्तर

मी हा खेळ खेळत नाही, माझी मुलगी खेळते. तिने हा धागा दाखवला. माझी सगळी नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत डाइंगमध्ये गेली, म्हणून रंगापुरतं बोलतो.

वेसकर, हरताळ साध्या पाण्यात सहजासहजी विरघळत नाही. नुसता ढीग पडून राहिला म्हणून विहीर बाधेल हे मला पटणार नाही. पण चुन्याबरोबर उकळला की विरघळतो. पूर्वी निळीने कापड छापताना हरताळ वापरत, कारण त्याने नीळ छापण्याजोगी होते. म्हणजे तुमच्या भट्ट्या पिवळ्या रंगाच्या ठेवू नका, निळीच्या ठेवा. चुना, हरताळ आणि नीळ एकत्र उकळायची आणि उरलेलं पाणी मागच्या खड्ड्यात सोडायचं. हे जमून जातं.

दुसरं म्हणजे विहिरीचं पाणी पिवळं किंवा कडू दाखवू नका. हरताळातला आर्सेनिक पाण्यात उतरला तरी रंग नाही, चव नाही, वास नाही. पाणी उकळून काही उपयोग नाही. पाणी आटतं आणि विष तेवढंच राहतं.

तिसरं, लोक पटकन मरत नाहीत. असं पाणी वर्षानुवर्षं प्यायल्यावर आधी अंगावर बारीक काळे-पांढरे ठिपके येतात. मग तळहात आणि तळपाय जाड होऊन त्यांवर खडबडीत कडक दाणे उठतात. कॅन्सर वगैरे त्याच्या पुढचं. विणकराच्या तळहाताला घट्टे असतातच, त्यामुळे ते दाणे कुणाच्या नजरेत येणार नाहीत.

वेसकर

रंगमास्तर काका, शेवटचं वाक्य वाचून मी उठून उभा राहिलो. विणकराचे हात! पार्टी पूर्व वस्तीत कितीतरी लोकांना भेटलीय. हे हात तिथे पहिल्यापासून असू शकतात.

चंद्रभागा

याच्याइतका चांगला क्लू मला सुचला नसता. तो एकदम खर्च करू नका, तीन भेटींत वाटा.

पहिल्या भेटीत एखादा विणकर पार्टीला पाणी देतो. तांब्या पुढे करताना त्याच्या तळहातावरचे दाणे वर्णनात येऊ द्या आणि लगेच पुढे चला. सगळे समजतील की मागाच्या कामाने झालंय. तसंच समजू द्या.

दुसऱ्या भेटीत हेच दाणे अशा माणसाच्या हातावर दाखवा ज्याने मागाला कधी हात लावला नाही. वस्तीतल्या शाळेचे मास्तर घ्या. ते उंबऱ्यापाशी चपला काढतात तेव्हा तळपायही दिसू द्या. इथे टेबलावर कुणीतरी नक्की थबकतं.

तिसरी भेट सगळ्यात महत्त्वाची. तलावाच्या काठी राहणारी विणकरांची एक गल्ली दाखवा. काम तेच, घट्टे आहेत, पण ते दाणे नाहीत. ही गल्ली पहिल्यापासून तलावाचं पाणी पितेय. काम सारखं, पाणी वेगळं. ‘विहिरी’ हा शब्द खेळाडूंच्याच तोंडून येईल, तुम्ही उच्चारू नका. त्यांना वाटलं तर ते नकाशावर खुणा करतील. बुजवलेल्या विहिरी आणि दाणे असलेली माणसं एकाच भागात आहेत, हे त्यांनीच जुळवलेलं बरं.

स्पेलची काळजी करू नका. क्लेरिकने तो टाकला तर टाकू द्या आणि सरळ सांगा की हो, विष आहे. पाण्यात काय आहे ते स्पेल सांगेल. दौलतरावला ते माहीत आहे का, आणि माहीत असून तो गप्प का, हे सांगणारा स्पेल नाही. उलट स्पेलनंतर बहुतेक ‘यानेच विष घातलं’ असं मत होईल. त्यावर वाड्यातली बुजवलेली विहीर उपयोगी पडते.

मत हललं की नाही हे ओळखायचं असेल तर टेबलावरचं बोलणं ऐका. खेळाडू जुनंच मत अजून जोरात सांगत असतील तर क्लू पोचलेला नाही, पुढचा क्लू दौलतरावला आणखी महाग पडणारा हवा. ‘पण मग त्याने असं का केलं?’ हा प्रश्न कुणी विचारला की लगेच नवीन काही देऊ नका. त्यांना भांडू द्या.

विडीघरकुल

आमच्या खेळातलं सांगतो. मी एक पत्र मुद्दाम कन्नडमध्ये लिहिलं होतं. म्हटलं, पार्टीतल्या एकाच पात्राला ती भाषा येते, ते पात्र परत येईपर्यंत पत्र गूढ राहील. टेबलावरच्या तिघांना कन्नड येत होतं! सोलापुरात दुसरं काय होणार. एकाने तर मोठ्याने वाचून दाखवलं आणि त्याचं पात्र निरक्षर होतं. त्यामुळे लिपीवर भरवसा ठेवू नका. तेलुगूचंही तेच होईल.

कडक_भाकरी

मोडीत लिवा. मग डीएमलाबी वाचता येणार नाही.

जुनी_गिरणी

सगळ्यांचं वाचलं. क्लू छान जमतायत, पण माझा आक्षेप आहे. तुम्ही सगळे मिळून दौलतरावला चांगला करून टाकताय. स्वतःची विहीर बुजवली, गरिबांची पट्टी सोडली, लोकांना विषापासून वाचवलं. पार्टी वाड्यावर जाईल, त्याच्या पाया पडेल आणि घरी येईल. मारलेला रंगारी गेला कुठे?

लोभाचं मत चूक होतं, तसंच ‘बिचारा लोकांना वाचवतोय’ हेही चूकच आहे. मूळ पोस्टमध्ये खरा हेतू दोन पदरी आहे. लोक वाचावेत आणि सही झाकलेली राहावी. दुसरा पदर उलगडणारा एकही क्लू अजून कुणी दिलेला नाही.

माझ्या मते तो क्लू वेळेत आहे. दवंडी पिटून ‘विहिरीचं पाणी पिऊ नका’ म्हटलं असतं तर एका दिवसात सगळ्या विहिरी बंद झाल्या असत्या. दौलतरावने गुपचूप, रात्री, एकेक करत किती महिने घेतले? शेवटच्या विहिरीवरच्या बायका या सगळ्या काळात तेच पाणी भरत होत्या. त्यातली एक पार्टीशी बोलू द्या. तिचं पोर या पावसाळ्यात गेलं आणि तिची विहीर अजून बुजलेली नाही. पार्टीला पाणी विषारी आहे हे कळल्यानंतर ती भेटली पाहिजे, आधी नाही.

चंद्रभागा

जुनी_गिरणी, मान्य. माझी कसोटी दुसऱ्यांदा लावायला हवी होती, ‘तो चांगला आहे’ या मतावर. तुमची बाई त्या कसोटीला उतरते. लोकांना वाचवायचंच असेल तर सोपा मार्ग समोर होता, तो त्याने का घेतला नाही? या प्रश्नाचं उत्तर दाखल्याशिवाय लागत नाही. म्हणजे पार्टी आता दाखला शोधायला स्वतःहून निघेल.

रंगमास्तर

दाखल्याबद्दल एक सांगू का? जुन्या पोथ्यांत चुकलेलं अक्षर झाकायला हरताळाचा लेप लावत आणि वाळला की त्यावर नवीन लिहीत. तुमच्या कारभाऱ्याने दाखल्याची नोंद फाडली नसेल, फाडलेलं पान लगेच कळतं. त्याने नोंदीवर हरताळ लावला असेल. वहीत एक ओळ पिवळी दिसेल. पान उजेडासमोर धरलं की खालची शाई कदाचित दिसेलही. ते तुम्ही ठरवा.

फासेबहाद्दर

हे भारी आहे. इथे तरी फासा ठेव! पिवळी ओळ सगळ्यांना दिसते, फासा चांगला पडला तर खालची सही वाचता येते, नाही पडला तर फक्त तारीख. तारखेवरूनही १२ वर्षांपूर्वी कारभारी कोण होता ते काढता येतं, फक्त वेळ जास्त लागेल.

चंद्रभागा

असा फासा मलाही चालेल. कमी पडला तरी वाट बंद होत नाही, लांबची होते.

नाट्यवेडा

आता मला खेळ थोडा कळला. मग शेवटी दौलतरावचं मोठं स्वगत हवंच. ‘होय, मीच सही केली!’ टाळ्या येतील.

जुनी_गिरणी

स्वगत अजिबात नको. इतकं शोधून काढल्यावर त्यानेच सगळं सांगितलं तर शोधण्याला अर्थ काय? पार्टी जेवढं विचारेल तेवढ्याचंच उत्तर द्यावं त्याने.

नाट्यवेडा

पण माणूस १२ वर्षं मनात दाबून बसलाय. एकदा बोलायला लागला की थांबणार नाही. मला तुमचं पटत नाही.

वेसकर

कालच्या सेशनचा वृत्तान्त. विणकराचे हात कुणाच्याही लक्षात आले नाहीत, अपेक्षेप्रमाणे. मास्तरांच्या वेळी आमच्यातला ‘रोग’ म्हणजे चोराचं पात्र खेळणारा एकदम म्हणाला, ‘थांब, याचे हात असे का? हा तर शिकवतो.’ मग सगळे मागच्या नोट्स उलटायला लागले. क्लेरिकने स्पेल घेतला, टाकला, विष निघालं. आणि चंद्रभागाताई म्हणाल्या तेच झालं, सगळे ओरडले, ‘दौलतरावनेच घातलंय!’

मी काही बोललो नाही. वाड्याची टेहळणी करायला गेले तेव्हा अंगणात बुजवलेली विहीर दिसली, वर तुळशीवृंदावन बांधलेलं. त्यावर खूप वेळ भांडण झालं. अर्ध्यांचं म्हणणं, त्याने पुरावा गाडलाय. अर्ध्यांचं म्हणणं, ज्याने विष घातलं तो स्वतःची विहीर कशाला बुजवेल, फक्त वापरायची थांबवेल. हल्ला पुढे ढकललाय. तलावाकाठची गल्ली आणि शेवटच्या विहिरीवरची बाई पुढच्या रविवारी.

आता नवा प्रश्न. निघता निघता क्लेरिकने विचारलं, ‘तलावातल्या देवळात माझ्यासारखे पुजारी आहेत. १२-१५ वर्षांत एकानेही हा स्पेल टाकला नाही?’ तिला दाखल्याचं अजून काही माहीत नाही, सहज विचारलं तिने. माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हटलं, पुढच्या वेळी देवळात जाऊन विचार.

फासेबहाद्दर

सोपं उत्तर: पल्ला ३० फूट आणि मध्ये ३ फूट माती किंवा १ फूट दगड आला की स्पेल अडतो. पुजाऱ्याने विहिरीच्या जाड कठड्याबाहेर उभं राहून टाकला असेल, काही दिसलं नाही.

चंद्रभागा

नियमात बसतं, पण एवढा चांगला प्रश्न दगडाच्या जाडीवर घालवू नका. दाखला द्यायच्या आधी दौलतरावने पुजाऱ्याला बोलावलंच नसेल, किंवा बोलावलं आणि तेव्हा पाणी खरंच शुद्ध निघालं असेल. पहिल्यात तो बेफिकीर होता. दुसऱ्यात सही केली त्या दिवशी तो खरं बोलला होता आणि पाणी नंतर बाधलं. मग खून आणखी निरर्थक ठरतो, कारण लपवण्यासारखं काही नव्हतंच.

जुनी_गिरणी

दुसरं घ्या.

रंगमास्तर

मला पहिलं खरं वाटतं. न तपासता सही करणारी माणसं जास्त असतात. आणि मुलगी विचारतेय, तुमच्या टेबलावर एक खुर्ची रिकामी आहे का? तिने धागा पूर्ण वाचलाय, तेव्हा या कॅम्पेनला नाही, पुढच्या.

वेसकर

पुढच्याला नक्की, काका. पहिलं की दुसरं ते रविवारपर्यंत ठरवतो. देवळातला पुजारी त्या वेळी हयात होता एवढं मात्र पक्कं केलंय.